बक्षीसपत्र रद्द करायचंय, पण ‘सांभाळायची अट’ कुठे लिहिलीय?

प्रश्न: “वडील २०१९ मध्ये गेले. २०२१ मध्ये आईने (आता वय ७४) आमचा राहता फ्लॅट धाकट्या भावाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिला. आईला शेवटपर्यंत सांभाळायचं एवढंच ठरलं होतं, पण तोंडी. गेलं दीड वर्ष भाऊ-वहिनी तिच्याशी बोलत नाहीत, तिचं जेवण वेगळं, औषधं मी कुरिअरने पाठवते. बक्षीसपत्र रद्द होतं का? एक वकील म्हणाले दिवाणी दावा लावा, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले प्रांतांकडे जा. कुणाचं खरं?”

ताई, खरं दोघांचंही आहे, पण तुमच्या आईच्या बाबतीत आधी सेक्रेटरींचं ऐका. मी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात वीसेक वर्षं वकिली करतोय, आणि सांभाळाची ही प्रकरणं दोन्हीकडे चालवली आहेत. दोन्ही वाटांमध्ये फरक काय, ते आधी सांगतो.

नोंदणी झालेलं बक्षीसपत्र एकदा दिलं की दिलं. मन बदललं, मुलगा नीट वागत नाही, म्हणून ते परत घेता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ अगदी मोजक्या परिस्थितीतच बक्षीस मागे घेऊ देतं. त्यामुळे दिवाणी कोर्टात गेलात तर आईला सिद्ध करावं लागतं की सही फसवून घेतली, दबाव टाकून घेतली, किंवा तिला कागद कळलाच नव्हता. तुम्ही लिहिलंय त्यावरून असं काहीच घडलेलं नाही. आईने राजीखुशीने दिलं, दुय्यम निबंधकांसमोर अंगठ्याचे ठसे आणि फोटो झाले. मग कोर्टात खोटं बोलून “मला फसवलं” म्हणायचं का? उलटतपासणीत अशी आई दहा मिनिटांत कोलमडते. मी ते पाहिलंय आणि ते बघवत नाही. शिवाय दस्त रद्द करण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. ती कधीपासून मोजायची यावरच भावाचा वकील पहिलं वर्ष घालवेल.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ यातलं कलम २३ हीच गोष्ट उलटी करून मांडतं. साठ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाने, हा कायदा लागू झाल्यानंतर, मूलभूत सोयी आणि गरजा पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने त्या पुरवल्या नाहीत, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानलं जातं. मानलं जातं, हा शब्द लक्षात ठेवा. सही करताना फसवणूक झाली होती का, हे कुणी विचारत नाही. आईने खरं तेच सांगायचं: मी प्रेमाने दिलं, विश्वासाने दिलं, आणि तो विश्वास पाळला नाही. बाकीचं काम कायदा करतो. हा अर्ज निर्वाह न्यायाधिकरणापुढे, म्हणजे आपल्याकडे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, ज्यांना आपण प्रांत म्हणतो, त्यांच्याकडे जातो. महाराष्ट्रात हा कायदा मार्च २००९ पासून लागू आहे, तुमचा दस्त २०२१ चा, म्हणजे त्याची अडचण नाही.

अडचण आहे ती “अटीवर” या एका शब्दात. निम्मी प्रकरणं इथेच अडकतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम २३ साठी दोन्ही गोष्टी लागतात: सांभाळायची अट घालून मालमत्ता दिली होती, आणि ती अट मोडली. आई-वडील मुलांना मालमत्ता देतात ती बहुतेकदा मायेपोटीच, प्रत्येक देण्यामागे अट असते असं धरता येत नाही. त्या खटल्यात अर्जामध्ये अटीचा उल्लेखच नव्हता. आई हरली. हा निकाल आल्यावर आमच्याकडे प्रतिपक्षाचे वकील त्याची झेरॉक्स खिशात घेऊनच फिरायला लागले.

मग २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणाचा निकाल आला. मध्य प्रदेशातल्या छतरपूरचं प्रकरण. आईने सप्टेंबर २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र दिलं. त्याच वेळी मुलाने एक वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं: आईची शेवटपर्यंत काळजी घेईन, न घेतल्यास आईला बक्षीसपत्र परत घ्यायची मोकळीक राहील. ते वचनपत्र खोटं आहे, असं मुलगा म्हणाला. प्रांत, जिल्हाधिकारी, उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, सगळीकडे आई जिंकली आणि दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने सगळं उलटवलं. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी केलाय तेव्हा त्याचा अर्थही सैल हाताने लावला पाहिजे असं म्हटलं, बक्षीसपत्र रद्द केलं आणि ताबाही द्यायला लावला. म्हणजे अट बक्षीसपत्रातच हवी असं नाही. पण ती कुठेतरी दिसली पाहिजे.

काही उच्च न्यायालयं याच्याही पुढे गेली आहेत. “प्रेम आणि माया” हीच न लिहिलेली अट, असं मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये म्हटलं. याउलट केरळच्या पूर्णपीठाने २०२० मध्ये अट कागदावर स्पष्ट लिहिलेली हवी असा अर्थ लावला होता. म्हणून मी अशिलाला मद्रासच्या भरवशावर बसू देत नाही. आधी कागद शोधू, तो नाहीच मिळाला तर मद्रास.

आता कागद शोधायचा कसा. आईची प्रत भावाकडे असेल, त्याच्याशी वाद घालू नका. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. इंडेक्स टू नको, त्यात फक्त नावं आणि क्षेत्र असतं, मला पूर्ण दस्त लागतो. आपल्याकडे मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, त्यामुळे ही बक्षीसपत्रं पोत्याने होतात आणि दस्तलेखक एकच मसुदा नावं बदलून छापतो. त्या मसुद्यात दुसऱ्या-तिसऱ्या पानावर दोनपैकी एक वाक्य हमखास असतं. पहिलं असं: “तुम्ही माझी सेवाशुश्रूषा करीत आला आहात, त्यामुळे तुमच्याविषयी वाटणाऱ्या नैसर्गिक प्रेमापोटी सदर मिळकत बक्षीस देत आहे.” दुसरं असं: “यापुढेही माझा तहहयात सांभाळ, औषधपाणी व अन्नवस्त्राची व्यवस्था तुम्ही करावयाची असून ते तुम्ही मान्य केले आहे.” पहिलं वाक्य झालेल्या सेवेबद्दल बोलतं, त्यातून अट निघत नाही. दुसरं पुढच्या सांभाळाबद्दल बोलतं आणि त्याखाली भावाची स्वीकारल्याची सही असते. “अट” हा शब्द नसला तरी प्रांतांसमोर मी त्यालाच अट म्हणतो, आणि आतापर्यंत ते मानलं गेलंय. पक्षकार दस्ताचं पहिलं आणि शेवटचं पान वाचतात, मधली कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

दस्तात काहीच नाही मिळालं तर घरातले कागद बघा. नोटरी केलेला शंभराचा स्टँप, भावाने आईला किंवा तुम्हाला केलेले मेसेज, मामा-काका बसून झालेल्या बैठकीचा कागद. मेसेज मिळाले तर फोन तसाच ठेवा, नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका. कागद काहीच नसेल तर परिस्थिती बोलते: आईकडे दुसरं घर नाही, ती त्याच फ्लॅटमध्ये राहत होती आणि दस्तानंतरही राहिली, मुलीला वगळून सगळं एकाच मुलाला दिलं. माणूस डोक्यावरचं एकुलतं एक छप्पर सहज देऊन टाकत नाही, काहीतरी ठरलेलं असतं. बैठकीला हजर असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं याला जोडायची. फक्त एक लक्षात ठेवा, हा युक्तिवाद कच्चा आहे. काही अधिकारी मानतात, काही छिकाराचा निकाल काढतात.

माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक आबा, वय ७६. दोन खोल्या आणि पुढे पडवी असं नगरपालिका हद्दीतलं घर २०१८ मध्ये मुलाला बक्षीस दिलेलं. मुलगा बायकोसह शहरात गेला, जाताना दोन्ही खोल्यांना कुलूप लावून गेला आणि आबांना पडवी ठेवली. स्वयंपाकघर आतल्या खोलीत. आबा शेजारच्या डब्यावर. ते माझ्याकडे आले ते दस्त घेऊन नाही, पडवीचा फोटो घेऊन. खाट, खाटेखाली स्टोव्ह, भिंतीला टांगलेली पिशवी आणि मागे कुलूप.

त्यांच्या दस्तात वर सांगितलेलं दुसऱ्या प्रकारचं वाक्य होतं, तिसऱ्या पानावर, “येणेप्रमाणे” च्या आधी. आम्ही अर्जात ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं, पान क्रमांकासह. अर्ज तीन पानांचा केला. एवढंच लिहिलं: मिळकत माझी होती, या वाक्याच्या अटीवर दिली, अमुक महिन्यापासून अट मोडली, ती अशी. शेजारणीने डबा देत असल्याचं प्रतिज्ञापत्र, पोलीस ठाण्यात दिलेल्या अदखलपात्र तक्रारीची नक्कल, औषधांची बिलं जोडली. सुनेच्या स्वभावावर आबांना दोन पानं लिहायची होती, ती मी काढून टाकली. प्रांतांकडे दिवसाला चाळीस प्रकरणं असतात, त्यांना स्वभाव नको असतो, महिना आणि घटना हवी असते.

मुलाने उत्तरात लिहिलं, मी दरमहा ३,००० रुपये वडिलांच्या खात्यात टाकतो. आबा घाबरले, कारण पैसे खरंच आले होते. आम्ही पासबुक भरून आणलं. पहिले ३,००० जमा झाले होते ते न्यायाधिकरणाची नोटीस मुलाला मिळाल्यानंतर नऊ दिवसांनी. त्याआधीच्या दोन वर्षांत त्याच्याकडून एक रुपया नाही. प्रांतांनी पासबुकाचं पान आणि नोटिसीची पोच समोरासमोर ठेवून मुलाला एकच प्रश्न विचारला आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या भावाकडूनही नोटिसीनंतर असंच काहीतरी सुरू होईल, मग पैसे असोत, फळं असोत की दवाखान्यात नेतानाचे फोटो. म्हणून आत्ताच, अर्जाआधीच, आईचं पासबुक अद्ययावत करून घ्या आणि तुम्ही पाठवलेल्या औषधांच्या कुरिअर पावत्या तारखेनिशी लावा. मुलगी दुसऱ्या गावाहून औषधं पाठवते आणि मुलगा त्याच घरात राहतो, यातून बरंच काही सिद्ध होतं.

सात महिन्यांनी आदेश झाला, बक्षीसपत्र रद्दबातल, ताबा द्यावा. आबांना वाटलं संपलं. इथून पुढे आणखी चार महिने गेले. आदेशाने नोंदी आपोआप बदलत नाहीत. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन दुय्यम निबंधकांकडे, मग नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावरच्या नावासाठी, मग नगरपालिकेच्या कर विभागात. तुमच्याकडे यात सोसायटीचं भाग प्रमाणपत्र वाढेल, सेक्रेटरी तुमच्या बाजूचे दिसतात, ते सोपं जाईल. शिवाय मुलाने त्या घरावर दुरुस्तीसाठी कर्ज काढलेलं निघालं. बँक काही आदेशातली पक्षकार नव्हती, तिचा बोजा तसाच राहिला. शेवटी मुलाने ते कर्ज स्वतः फेडण्याचं प्रांतांसमोर लिहून दिलं आणि हप्ते चुकवले नाहीत, हे आबांचं नशीब. तो नाही म्हणाला असता तर प्रकरण किती लांबलं असतं सांगता येत नाही. तुम्ही अर्जातच मागणी घाला: निकाल लागेपर्यंत फ्लॅट विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. आणि त्याच दिवशी सोसायटीला आईच्या सहीचं पत्र द्या की अर्ज दाखल आहे, ना हरकत देऊ नये. तिऱ्हाईताने पैसे मोजून, काही माहीत नसताना फ्लॅट घेतला की ही साधी लढाई राहत नाही.

आता तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट, जी तुम्हाला बारीक वाटली असेल पण मला नाही. वडील २०१९ मध्ये गेले आणि फ्लॅट आईने दिला. तो मुळात कोणाच्या नावावर होता? वडिलांच्या नावावर असेल, मृत्युपत्र नसेल आणि तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येत असाल, तर आई, तुम्ही आणि भाऊ यांचा त्यात प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा. सोसायटीने नॉमिनी म्हणून आईचं नाव लावलं असेल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मग आई देऊ शकत होती ती फक्त तिचा हिस्सा, तुमचा नाही. तुम्ही तेव्हा हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. दिलं नसेल तर तुमच्या तिसऱ्या हिश्श्याचा प्रश्न प्रांतांचा नाही, तो दिवाणी कोर्टाचा, वाटपाच्या दाव्याचा. तुमच्या वकिलांनी कदाचित हेच ओळखून दिवाणी दावा सांगितला असेल, त्यांना एकदा विचारा. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मिसळू नका. प्रांतांसमोर तुम्ही हिस्सा मागायला लागलात की भाऊ म्हणेल, बघा, हे बहिणीचं कारस्थान आहे, आईला पुढे केलंय. हा बचाव फार चालतो.

याच कारणाने अर्ज आईच्या नावाने, आईच्या सहीने जाऊ दे. कलम २३ चा हक्क देणाऱ्याचा, म्हणजे तिचा. तुम्ही तिच्यासोबत जा, कागद सांभाळा, पण बोलू दे तिला. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे इथे वकील उभा राहत नाही. त्यावर उच्च न्यायालयांचे वेगवेगळे निकाल आहेत आणि प्रत्यक्षात एक अधिकारी आम्हाला उभं राहू देतो, दुसरा बाहेर बसवतो. काही असो, अधिकारी पहिला प्रश्न अर्जदारालाच विचारतात, “आजी, तुम्हाला काय हवंय?” त्याचं उत्तर तिने आधी घरी ठरवलेलं असावं.

ते उत्तर “घर परत” हेच असेल असं धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाने तर असंही म्हटलंय की मुलाला बाहेर काढण्याचा आदेश प्रत्येक प्रकरणात द्यायलाच हवा असं नाही. बऱ्याच आयांना घर नको असतं, स्वतःची खोली, वेळेवर जेवण आणि कुणी टाकून बोलू नये, एवढंच हवं असतं. त्यासाठी त्याच न्यायाधिकरणाकडे कलम ५ खाली दरमहा निर्वाहाची रक्कम मागता येते, कायद्यात तिची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे. मी साधारणपणे दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालतो, मुख्य म्हणून बक्षीसपत्र रद्द करणं आणि तोवर निर्वाह. समोर घर जाण्याची शक्यता दिसली की अनेक मुलं तडजोडीला येतात. आईला तडजोड हवी असेल तर ती तोंडी नको. ती न्यायाधिकरणासमोर लिहून घ्यायची, आणि या वेळी अट स्पष्ट शब्दांत: अमुक रक्कम, अमुक तारखेला, अमुक खोली, आणि पाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द समजावं.

वहिनींबद्दल एक सूचना. प्रकरण हाताबाहेर जातंय असं दिसलं की सून कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली “हे माझं सामायिक घर” असा अर्ज करते. एस. वनिता प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ज्येष्ठांच्या कायद्याची घाई करून सुनेचा तो हक्क नुसता पुसून टाकता येत नाही, दोन्ही कायदे जुळवून वाचायचे. भाऊ स्वतः त्या फ्लॅटमध्ये राहत असेल तर ताब्याचा आदेश लगेच मिळेल असं आईला सांगू नका. बक्षीसपत्र आधी रद्द होईल, घर रिकामं होईल त्याला वेळ लागेल.

आणि कुणी “दुय्यम निबंधकांकडे जाऊन आईच्या एकटीच्या सहीने रद्दपत्र करून टाका” असं सुचवलं, सुचवतीलच, तर त्यात पैसे घालू नका. एकतर्फी रद्दपत्राने बक्षीस रद्द होत नाही. आबांनी माझ्याकडे यायच्या आधी तेच केलं होतं. मुलाने उत्तरात ते जोडून लिहिलं, वडिलांना कुणीतरी चालवतंय. ते पान खोडून काढण्यात आमच्या दोन तारखा गेल्या.

अर्ज साध्या कागदावर चालतो. आई राहते तिथल्या प्रांत कार्यालयात द्यायचा, आणि तिला जिने चढवत नसतील तर आधी ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा, मदत मिळू शकते. पण अर्ज लिहायला बसण्याआधी प्रमाणित नक्कल काढा. ती हातात आली की मधल्या पानांवरचं ते वाक्य इथे शब्दशः लिहा, तेवढ्यावरून पुढचं सांगतो.